नेट स्लो आहे ते नेटवाल्यामुळे की राउटरमुळे, हे घरातल्या घरात कसं शोधायचं

आमच्याकडे ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट लावली की आकडा यायचा ९३. कधी ९२, कधी ९४, पण सकाळी सात वाजता लावा नाहीतर रात्री साडेनऊला, तेवढाच. नेटवाल्याला फोन केला, त्याचा मुलगा आला, फायबरला मीटर लावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, पॉवर मायनस एकोणीस येतेय, लाईन एकदम क्लीन आहे, तुमचा राउटर बदलून बघा." राउटरवाल्या दुकानात गेले तर तो म्हणे राउटर गिगाबिटचा आहे, त्याला काय होतंय, नेटवाल्याला धरा. दोघंही आपापल्या जागी मनापासून बोलत होते आणि दोघांपैकी कोणाकडेच मोजमाप नव्हतं, फायबरच्या मीटरवर दिसतो तो फक्त प्रकाश किती येतोय ते, स्पीड नाही. मग मी स्वतः आयपर्फ लावून बसले, आणि एका दुपारीत कळलं की अडचण एक नाही, दोन होत्या, आणि दोन्ही घरातच होत्या. कसं कळलं ते नीट सांगते, कारण हेच तुम्हालाही जसंच्या तसं करता येईल.

आधी स्पीड टेस्ट काय मोजते ते बघा. तुमच्या कॉम्प्युटरपासून डेटा निघतो, भिंतीतल्या केबलमधून किंवा वायफायवरून राउटरमध्ये जातो, तिथून फायबरच्या डब्यात, मग नेटवाल्याकडे, मग कुठल्यातरी शहरातल्या सर्व्हरवर, आणि तसाच परत येतो. या सगळ्या रस्त्यात जिथे सगळ्यात अरुंद जागा असेल तेवढाच आकडा स्पीड टेस्ट दाखवते, पण ती जागा कुठली हे सांगत नाही. आयपर्फ हा छोटासा फुकट प्रोग्रॅम आहे, तो दोन कॉम्प्युटरवर चालवायचा, एक डेटा पाठवतो, दुसरा घेतो, आणि मधल्या रस्त्याची क्षमता कळते. डेटा मेमरीतच तयार होतो आणि मेमरीतच संपतो, हार्ड डिस्कचा काही संबंध येत नाही, त्यामुळे फाइल कॉपी करून बघण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं. आणि मुख्य म्हणजे यात इंटरनेटच नाहीये. नेटवाल्याची वायर काढून ठेवलीत तरी टेस्ट चालते, म्हणजे जो काही आकडा येईल तो शंभर टक्के तुमच्या घरातला.

लिनक्सवर `sudo apt install iperf3`, मॅकवर होमब्र्यू असेल तर `brew install iperf3`, विंडोजसाठी झिप फाइल मिळते, ती उघडायची आणि त्याच फोल्डरमध्ये कमांड चालवायची. फक्त दोन्हीकडे तीन नंबरचंच आयपर्फ घ्या, जुनं दोन नंबरचं आणि हे तीन नंबरचं एकमेकांशी बोलत नाहीत. आता एका कॉम्प्युटरवर, शक्यतो जो राउटरला केबलने जोडलेला आहे त्याच्यावर, हे टाका:

```
iperf3 -s
```

तो वाट बघत बसेल. त्याच कॉम्प्युटरचा घरातला पत्ता बघून घ्या, विंडोजवर `ipconfig`, लिनक्सवर `hostname -I`. माझा होता 192.168.1.20. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर:

```
iperf3 -c 192.168.1.20
iperf3 -c 192.168.1.20 -R
```

दहा-दहा सेकंदाच्या दोन टेस्ट होतात. पहिलीत डेटा तुमच्याकडून समोरच्याकडे जातो, दुसरीत `-R` मुळे उलटा येतो, आणि ही दुसरी टेस्ट बरेच जण विसरतात. डाउनलोड कसं आहे ते बघायचं असेल तर `-R` वालाच आकडा कामाचा.

इथे एक अडचण जवळजवळ प्रत्येकाला येते ती म्हणजे कनेक्टच होत नाही. तेव्हा एरर नीट वाचा. `Connection refused` आलं तर समोरचा कॉम्प्युटर सापडला पण तिथे आयपर्फ चालू नाहीये. बराच वेळ नुसता थांबून टाइमआउट झालं तर बहुतेक वेळा विंडोजचा फायरवॉल अडवतोय, त्यात जाऊन आयपर्फला परवानगी द्या. त्यानेही झालं नाही तर लॅपटॉप चुकून गेस्ट वायफायवर आहे का बघा, गेस्ट नेटवर्कवरच्या डिव्हाइसला घरातले बाकीचे कॉम्प्युटर दिसूच देत नाहीत, ते त्यासाठीच केलेलं असतं.

मी पहिल्यांदा वायफाय पूर्ण बाजूला ठेवलं. आतल्या खोलीतला कॉम्प्युटर भिंतीतल्या केबलवर होताच, लॅपटॉप हॉलमध्ये राउटरजवळ नेऊन एक मीटरच्या केबलने जोडला, आणि हे आलं, शेवटच्या दोन ओळी तेवढ्या देते:

```
0.00-10.00 sec  113 MBytes  94.8 Mbits/sec  0  sender
0.00-10.00 sec  112 MBytes  94.1 Mbits/sec     receiver
```

वाचायची ती `receiver` वाली ओळ, खरोखर पोचलेला डेटा तो. आणि `MBytes` ला स्पीड समजू नका, तो दहा सेकंदात गेलेला एकूण माल आहे, स्पीड म्हणजे `Mbits/sec`.

आता हा ९४.१ आकडा लक्षात ठेवा, कारण तो कुठेही दिसला की एकच अर्थ आहे. नेटवर्कच्या वायरवरून डेटा पाकिटापाकिटाने जातो, पूर्ण भरलेलं पाकीट वायरवर १५३८ बाइट्सची जागा खातं आणि त्यात आपला खरा माल असतो १४४८ बाइट्स, बाकी सगळं पत्ता, शिक्का, दोन पाकिटांमधली मोकळी जागा. म्हणजे १०० मधले साधारण ९४.१ आपल्या हाती लागतात. वायर १०० एमबीपीएसवर जोडलेली असेल तर आयपर्फ ९४ दाखवणार, १००० वर जोडलेली असेल तर ९४१. दहाही सेकंद ओळीने ९४, ९४, ९४, एकही सेकंद हललेला नाही, हे बघितल्यावर मला कळलं की हा काही कमजोर राउटर नाही आणि गर्दीही नाही, कारण गर्दीचा आकडा खालीवर होतो. ही कुठेतरी १०० ची वायर आहे. स्पीड टेस्टला येणारे ९३ पण इथूनच येत होते.

खात्री करायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये `Get-NetAdapter` टाकलं की `LinkSpeed` दिसतो. लॅपटॉपवर 1 Gbps, आतल्या कॉम्प्युटरवर 100 Mbps. राउटर एकच, पोर्ट सगळे सारखे, म्हणजे राहिली ती भिंतीतली वायर. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या, नारिंगी, हिरवी, निळी आणि चॉकलेटी. १०० एमबीपीएसला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा चॉकलेटीतली एक तार जरी सुटली तरी बहुतेक पोर्ट काही न बोलता १०० वर उतरतात, नेट चालू राहतं, लाइट लागलेला राहतो, कोणाला शंका येत नाही. मी खोलीतला भिंतीवरचा सॉकेट उघडला तर चॉकलेटी तार खाचेत अर्धवट बसवलेली, बोट लावलं तर बाहेर आली. पंचिंग टूल नव्हतं म्हणून इलेक्ट्रिशियन काकांना बोलावलं, त्यांनी आठही तारा पुन्हा बसवल्या. परत आयपर्फ लावलं, ९४१. दोन्ही दिशांनी.

मला वाटलं सुटलं. स्पीड टेस्ट लावली तर १८८.

९३ वरून १८८ झाले म्हणजे फायदा झालाच, पण प्लॅन ३०० चा आणि राउटर तर आताच आयपर्फमध्ये ९४१ ने पास झालेला, मग आता तरी नेटवाल्याचाच दोष ना? इथेच बहुतेक जण चुकतात, आणि हा सगळा लेख मुख्यतः या एका गोष्टीसाठी लिहितेय. घरातल्या दोन कॉम्प्युटरमधली टेस्ट राउटरचं खरं काम मोजतच नाही.

राउटर म्हणजे एका डब्यात बसवलेली दोन-तीन वेगळी यंत्रं. मागे जे चार लॅन पोर्ट असतात ते एका स्विचच्या चिपवर असतात, या पोर्टवरून त्या पोर्टवर डेटा द्यायचा असेल तर ती चिप परस्पर देऊन टाकते, राउटरच्या प्रोसेसरला पत्ताही लागत नाही. पण तोच डेटा वॅन पोर्टमधून बाहेर जायचा असेल, म्हणजे नेटवाल्याची वायर लागते तिथून, तर प्रत्येक पाकिटावरचा घरातला पत्ता खोडून बाहेरचा पत्ता लिहायचा, उत्तर आलं की ते बरोबर कोणाचं ते वहीत बघून उलटं करायचं. याला नॅट म्हणतात, आणि हे काम प्रोसेसरला करावं लागतं, किंवा राउटर बरा असेल तर त्यासाठी वेगळी सोय असते. जुन्या किंवा स्वस्त राउटरचा स्विच मस्त ९४१ देतो आणि नॅट करताना दोनशेच्या आसपासच दमतो. त्यामुळे आयपर्फने ९४१ दाखवले म्हणजे केबल, सॉकेट, स्विच ठीक, एवढंच सिद्ध होतं.

नॅटची टेस्ट घ्यायची तर एक कॉम्प्युटर राउटरच्या बाहेर बसवायला पाहिजे, म्हणजे नेटवाल्याच्या जागी. ऐकायला अवघड वाटतं पण पंधरा मिनिटांचं काम आहे. आधी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वॅनच्या पानाचा फोटो काढून ठेवा, तिथे नेटवाल्याने दिलेलं युजरनेम असतं, पासवर्ड टिंबटिंब दिसतो म्हणून तो त्याच्याकडून आधीच मागून घ्या. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर टेस्ट होईल आणि रात्रभर नेट नसेल.

मग वॅन पोर्टमधून नेटवाल्याची वायर काढायची, त्या पोर्टला एक कॉम्प्युटर केबलने जोडायचा. त्या कॉम्प्युटरला हाताने पत्ता द्यायचा, आणि राउटरच्या वॅनचा प्रकार बदलून स्टॅटिक करून त्याला त्याच घराण्यातला दुसरा:

```
computer:    192.168.50.1   255.255.255.0
router WAN:  192.168.50.2   255.255.255.0
gateway:     192.168.50.1
```

तुमच्या घरातले पत्तेच 192.168.50 ने सुरू होत असतील तर इथे 50 च्या जागी दुसरा आकडा घ्या, आत आणि बाहेर सारखे पत्ते झाले तर राउटर गोंधळतो. आता बाहेरच्या कॉम्प्युटरवर `iperf3 -s`, आणि आत लॅन पोर्टला लावलेल्या लॅपटॉपवरून:

```
iperf3 -c 192.168.50.1 -R -t 30
```

बाहेरचा विंडोज असेल तर या अनोळखी नेटवर्कला तो पब्लिक समजतो, म्हणून फायरवॉलची परवानगी पब्लिकलापण द्यावी लागेल, मी इथेच वीस मिनिटं अडकले होते. मी तीस सेकंद एवढ्यासाठी घेतले की राउटर तापून मंद होत असेल तर तेही दिसावं.

आकडा आला १९२. स्पीड टेस्टला १८८, इथे १९२. नेटवाल्याची वायर तर टेबलावर पडलेली होती, त्याचा यात काडीचाही हात नव्हता. म्हणजे त्याने ३०० दिले काय आणि हजार दिले काय, माझ्या राउटरमधून १९० च्या वर काही येणार नव्हतं.

नवीन राउटर घ्यायच्या आधी सेटिंग बघितल्या, आणि बरं झालं. दोन वर्षांपूर्वी लॉकडाऊननंतरही घरून काम चालू होतं तेव्हा मीटिंगमध्ये अडथळा नको म्हणून मी क्यूओएस चालू केलं होतं, म्हणजे कोणत्या डिव्हाइसला आधी नेट द्यायचं ते ठरवणारी सोय. ती चालू असली की राउटरला प्रत्येक पाकीट थांबवून बघावं लागतं आणि नॅटसाठी जी वेगळी जलद सोय असते ती बऱ्याच राउटरमध्ये बंद पडते, सगळा भार प्रोसेसरवर. कोणत्या डिव्हाइसने किती डेटा वापरला ते मोजणारी सोय, मुलांसाठीचं पॅरेंटल कंट्रोल, यांनीपण कित्येकदा असंच होतं. क्यूओएस बंद केलं, राउटर रिस्टार्ट, तीच टेस्ट परत, ८६०. वॅनच्या सेटिंग फोटोत बघून जशा होत्या तशा केल्या, नेटवाल्याची वायर परत लावली, स्पीड टेस्ट २९१.

या टेस्टची एक मर्यादा सांगून ठेवते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नेट युजरनेम-पासवर्डने डायल होतं, पीपीपीओई म्हणतात त्याला, आणि तेही काम राउटरच करतो. स्टॅटिकवर केलेल्या टेस्टमध्ये ते धरलेलं नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात राउटर इथे दिसला त्याहून थोडा कमीच देईल. ८६० आणि ३०० मध्ये एवढी जागा होती की मला फरक पडला नाही, पण तुमची टेस्ट ३३० दाखवत असेल आणि प्लॅन ३०० चा असेल तर राउटरवरचा संशय सोडू नका. आणि फायबर थेट राउटरमध्येच जात असेल, एकच डबा असेल, तर ही टेस्ट करताच येत नाही कारण कॉम्प्युटर लावायला मोकळा वॅन पोर्टच नसतो.

आता समजा माझ्याकडे उलटं झालं असतं, वॅनची टेस्ट ८६० आणि स्पीड टेस्ट तरी १८८, तर मग नेटवाल्याकडे जायला माझ्या हातात काहीतरी होतं. अशा वेळी अजून एक टेस्ट करा, राउटर पूर्ण काढा, फायबरच्या डब्यातली केबल सरळ कॉम्प्युटरला लावा, विंडोजमध्ये ब्रॉडबँड कनेक्शन बनवून तेच युजरनेम-पासवर्ड टाका आणि स्पीड टेस्ट घ्या. काही नेटवाले लाईन राउटरशी बांधून ठेवतात, तेव्हा त्यांना आधी सांगावं लागतं. तरीही कमीच आलं तर मग घरातलं काही राहिलंच नाही. पहाटे पूर्ण स्पीड आणि रात्री नऊला निम्मा असेल तर तिकडे गर्दी होतेय, आणि चोवीस तास एकाच आकड्याला चिकटलेला असेल तर प्लॅनच चुकीचा लागलाय का ते आधी विचारा. फोनवर "नेट स्लो आहे" म्हणण्याऐवजी "राउटर काढून, केबलने, सकाळी सातला एवढं आणि रात्री नऊला एवढं" असं सांगितलं की समोरचा माणूस राउटर बंद-चालू करा म्हणू शकत नाही.

वायफायचं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण आधी केबलचा आकडा पक्का नसेल तर वायफायचा कशाशी ताडून बघणार? सर्व्हरवाला कॉम्प्युटर केबलवरच ठेवा आणि लॅपटॉप वायफायवर घेऊन घरभर फिरा. दोन्ही वायफायवर ठेवलेत तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं, एकदा राउटरकडे, एकदा राउटरकडून, आणि तेही एकाच चॅनेलवर पाळीपाळीने, त्यामुळे आकडा निम्मा येतो आणि माणूस उगाच घाबरतो. लॅपटॉपवर दिसणारा ८६६ वगैरे आकडाही खरा धरू नका, तो नुसता जोडणीचा वेग असतो, हातात त्याच्या साठ-पासष्ट टक्के आले तरी चांगलं म्हणायचं.

माझ्याकडे राउटरसमोर ५ गिगाहर्ट्झवर ५४० आले, आतल्या खोलीत दोन भिंतींपलीकडे १३०, आणि बाबांच्या खोलीत, म्हणजे सासऱ्यांच्या, ४२. बाबांच्या खोलीतला आकडा दर सेकंदाला ६० वरून २० वर आणि परत ५० वर जात होता, केबलच्या त्या सरळ ९४ पेक्षा हे एकदम वेगळं दिसतं. बघितलं तर लॅपटॉप तिथे गेला की आपोआप २.४ वर उतरत होता, आणि २.४ वर आमच्या बिल्डिंगमधली सतरा नेटवर्क दिसत होती. राउटर टीव्हीखालच्या लाकडी कपाटात दार लावून ठेवलेला होता, तो काढून टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवला, तर बाबांच्या खोलीत लॅपटॉप ५ वरच टिकला आणि ११५ आले. बाबा म्हणाले, "आता त्या क्रिकेटला गोल गोल फिरत नाही." त्यांना ११५ पुरतात, मला केबलवर २९१ मिळतात, आणि नवीन राउटरचे पैसे वाचले ते वाचलेच.